स्क्रीनशॉटमधला आलेख वाचून एकूण आणि सरासरी कशी काढायची

आमच्या सोसायटीत साठ घरं आहेत. उन्हाळ्यात महापालिकेचं पाणी पुरत नाही, म्हणून टँकर मागवावे लागतात. कोणी किती पाणी वापरलं आणि टँकरवर किती खर्च झाला, याचे आलेख कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात, आणि येतात ते नेहमी स्क्रीनशॉट म्हणूनच. मूळ आकडे कुणाच्या तरी लॅपटॉपवर असतात आणि ती व्यक्ती नेमकी गावाला गेलेली असते.

मी त्या वर्षी नव्यानेच खजिनदार झाले होते. वार्षिक सभेत असाच एक आलेख पाहून मी ठामपणे सांगितलं, "मे महिन्यात प्रत्येक घराचा सरासरी वापर बारा हजार लिटर आहे." बी विंगमधले एक आजोबा शांतपणे म्हणाले, "ताई, साठ गुणिले बारा म्हणजे सात लाख वीस हजार. मे महिन्यात नुसते टँकरच शहात्तर आले, दहा हजार लिटरचा एक. ते झाले सात लाख साठ हजार. मग महापालिकेचं पाणी आपण प्यायलोच नाही का?"

माझी चूक बेरीज-भागाकारातली नव्हती. मी भलत्याच गोष्टीची सरासरी काढली होती. ती कशी, ते पाचव्या पायरीत सांगते. त्याआधी लागणाऱ्या गोष्टी बघू, म्हणजे तुमच्या सभेत तुमच्यावर अशी वेळ येणार नाही.

काय काय जवळ हवं

- मूळ स्क्रीनशॉट. पुढे पुढे पाठवून धूसर झालेला नको. पाठवणाऱ्याला 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगा.
- आलेखाचं शीर्षक आणि दोन्ही अक्ष दिसणारं पूर्ण चित्र. कडा कापलेलं चित्र आलं तर काम सुरूच करू नका, पुन्हा मागवा.
- लॅपटॉप असेल तर पेंट हा साधा प्रोग्रॅम. नसेल तर सरळ कडेची कागदाची पट्टी आणि टोकदार पेन्सिल.
- आलेखाबाहेरचा एखादा खात्रीचा आकडा: बिल, पावती, घरांची संख्या. ताळा याच्यावरच घ्यायचा आहे.

१. स्तंभालेख आहे की आयतालेख, हे आधी ठरवा

शाळेत शिकवतात की स्तंभालेखात स्तंभांमध्ये फट असते आणि आयतालेखात ते एकमेकांना चिकटलेले असतात. हातानं काढलेल्या आलेखाला हे लागू पडतं. स्क्रीनशॉटमध्ये मात्र फटीवर विसंबू नका, कारण एक्सेलमध्ये आयतालेखाचे आकडे साध्या कॉलम चार्टमध्ये टाकले की फटी आपोआप येतात.

त्यापेक्षा आडव्या अक्षाखाली काय लिहिलंय ते वाचा. तिथे नावं असतील, म्हणजे जानेवारी, फेब्रुवारी किंवा ए विंग, बी विंग, तर तो स्तंभालेख. स्तंभाची उंची हेच तुम्हाला हवं असलेलं माप. तिथे संख्यांचे गट असतील, म्हणजे ५–१०, १०–१५, १५–२०, तर तो आयतालेख. त्यात उंची सांगते की त्या गटात किती जण आहेत. माप स्वतः आडव्या अक्षावर बसलेलं असतं. माझी चूक इथेच झाली होती.

२. उभा अक्ष कुठून सुरू होतो ते बघा

आमच्या टँकरच्या आलेखात जानेवारी ते जून असे सहा स्तंभ होते. मे महिन्याचा स्तंभ जानेवारीच्या चौपट उंच दिसत होता आणि ग्रुपवर "चार पटीनं टँकर!" अशी ओरड सुरू झाली होती. उभ्या अक्षावर सगळ्यात खालची संख्या २० होती, शून्य नव्हे. जानेवारीत ३४ टँकर आले होते, मेमध्ये ७६. वीसच्या वर दिसणारे भाग १४ आणि ५६, म्हणून डोळ्याला चौपट. खरी वाढ सव्वादोन पटीच्या आसपास.

अक्ष २० पासून सुरू करणं लबाडीच असते असं नाही. बऱ्याचदा प्रोग्रॅम स्वतःच तसं करतो. कधी अक्षाच्या तळाशी छोटी नागमोडी खूण असते, कधी तीही नसते. म्हणून एकच नियम पाळा: "किती पट" हे स्तंभांच्या लांबीवरून कधीच सांगू नका. आधी दोन्ही आकडे वाचा आणि मग भागाकार करा.

३. स्तंभाची उंची आकड्यात आणा

स्तंभावर आकडा छापलेला असेल तर तोच घ्या आणि पुढच्या पायरीवर जा. नसेल तर मोजावं लागतं.

पेंटमध्ये चित्र उघडून माऊसचा बाण एखाद्या ठिकाणी नेला की खालच्या पट्टीत दोन संख्या दिसतात. दुसरी संख्या उभ्या दिशेची. ती वरून खाली मोजली जाते, त्यामुळे स्तंभ जितका उंच तितकी ही संख्या लहान. पहिल्यांदा गोंधळायला होतं.

आमच्या आलेखात २० ची आडवी रेघ ६१० वर होती आणि ८० ची १९० वर. म्हणजे ६० टँकरांसाठी ४२० पिक्सेल, एका टँकरला ७. मार्चच्या स्तंभाचं टोक ३४४ वर होतं.

```
(610 - 344) / 7 = 38
20 + 38 = 58
```

मार्चमध्ये ५८ टँकर. शेवटी २० मिळवायचे विसरू नका. अक्ष शून्यापासून सुरू होत नाही हे आपण आत्ताच पाहिलं.

मोजायला लागण्याआधी मधली एखादी रेघही तपासा. ५० ची रेघ बरोबर मध्यावर, म्हणजे ४०० वर यायला हवी. आली तर पट्टी सरळ आहे. नाही आली तर एकतर तुमची एखादी रेघ चुकली आहे, किंवा अक्षावरची अंतरंच समान नाहीत. काही आलेखांत १, १०, १००, १००० अशा संख्या समान अंतरावर असतात, आणि तिथे हा हिशेब चालत नाही.

लॅपटॉप नसेल तर स्क्रीनशॉट फोनवर मोठा करा आणि कागदाची पट्टी उभ्या अक्षाला लावून २०, ३०, ४० अशा खुणा तिच्यावर करा. मग तीच पट्टी एकेका स्तंभाशेजारी धरून वाचा. मध्येच चित्र लहानमोठं केलं तर खुणा वाया गेल्या, हे लक्षात असू द्या. खूप स्तंभ असतील तर WebPlotDigitizer नावाचा प्रोग्रॅम हेच काम करतो, पण त्यालाही अक्षावरचे दोन बिंदू तुम्हीच दाखवायचे असतात. सहा स्तंभांसाठी एवढा खटाटोप मी करत नाही.

चूक किती होऊ शकते? धूसर चित्रात स्तंभाची कड दोन-तीन पिक्सेल पसरते. आमच्याकडे ७ पिक्सेलला एक टँकर होता, त्यामुळे अर्ध्या टँकरपेक्षा कमी फरक पडला, आणि टँकर अर्धे येत नाहीत म्हणून आकडे पक्के झाले. एका एककाला दोन पिक्सेलही मिळत नसतील तर एकच आकडा सांगू नका. "५६ ते ६०" असं सांगा. आणखी एक: स्तंभाचं टोक वाचताना झालेल्या चुका कधी वर कधी खाली होतात, बेरजेत बऱ्याचशा जिरतात. तळाची रेघ वाचताना केलेली चूक मात्र प्रत्येक स्तंभात त्याच दिशेला जाते. ती एका टँकरची असेल आणि स्तंभ सहा असतील, तर बेरीज साधारण सहानं चुकू शकते. म्हणून अक्षाच्या रेघा दोनदा वाचा, स्तंभ एकदा वाचले तरी चालतील.

त्रिमितीसारखे दिसणारे जाडजूड स्तंभ असतील तर मोजूच नका, सरळ आकडे मागवा. तिथे टोकाची नेमकी कड कुठली हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

४. बेरीज, सरासरी आणि अर्धवट महिना

सहाही स्तंभ वाचल्यावर आमच्याकडे हे आकडे आले: जानेवारी ३४, फेब्रुवारी ४२, मार्च ५८, एप्रिल ७१, मे ७६, जून ४३. बेरीज ३२४. भागिले सहा, सरासरी ५४.

तोंडी करायचं असेल तर शाळेतली गृहीतमध्याची युक्ती वापरा. सरासरी ५० धरा. प्रत्येक महिना पन्नासपेक्षा किती कमी-जास्त आहे ते लिहा: −१६, −८, +८, +२१, +२६, −७. यांची बेरीज २४, सहांनी भागून ४. पन्नास अधिक चार, चोपन्न. मला ही पद्धत आवडते, कारण यात सरासरी चित्रात दिसते: ५४ वर आडवी रेघ ओढली तर रेघेच्या वर आलेले स्तंभांचे तुकडे कापून खालच्या रिकाम्या जागा बरोबर भरतात. उत्तर काढल्यावर ती रेघ डोळ्यांनी ओढून बघा. सगळेच स्तंभ तिच्या खाली राहत असतील तर हिशेब चुकला आहे.

इथवर सगळं बरोबर होतं. तरी "दर महिन्याला सरासरी ५४ टँकर" हे उत्तर चूक होतं.

आलेखाच्या शीर्षकाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, '१८ जूनपर्यंत'. म्हणजे पाच स्तंभ पूर्ण महिन्यांचे आणि सहावा अठरा दिवसांचा. एकूण किती टँकर आले, या प्रश्नाचं उत्तर ३२४ हेच राहतं, त्याला तारखेनं काही होत नाही. पण सरासरीसाठी भाजक सहा घेता येत नाही. दोनच वाटा उरतात. जून सोडून पाच महिन्यांची सरासरी काढा: २८१ भागिले ५, म्हणजे ५६.२. नाहीतर दिवसांवर या: साधं वर्ष असेल तर जानेवारी ते मे १५१ दिवस आणि जूनचे १८, एकूण १६९. ३२४ भागिले १६९, म्हणजे दिवसाला साधारण १.९ टँकर.

आलेख पाहून सगळे खूश होते की जूनमध्ये टँकर एकदम उतरले. दिवसांवर आणून बघा. मे: ७६ भागिले ३१, म्हणजे २.४५. जून: ४३ भागिले १८, म्हणजे २.३९. काहीही उतरलं नव्हतं. पाऊस लांबला होता आणि टँकर तेवढेच येत होते. स्तंभ बुटका होता तो महिना संपला नव्हता म्हणून.

शेवटचा स्तंभ बुटका दिसला की पहिला संशय अर्धवट महिन्याचा घ्यायचा. आणि उलट बाजूनं: एखाद्या महिन्याच्या जागी स्तंभच नसेल तर तिथे शून्य आहे की नोंदच नाही, हे विचारून घ्या. शून्य असेल तर तो महिना भाजकात मोजायचा. नोंद नसेल तर मोजायचा नाही.

५. आयतालेखातून एकूण आणि सरासरी

आता माझा बारा हजारांचा किस्सा. आलेख मे महिन्यातल्या घरोघरच्या मीटरचा होता. आडव्या अक्षावर हजार लिटरचे गट, उभ्या अक्षावर घरांची संख्या.

- ५–१०: ६ घरं
- १०–१५: १८ घरं
- १५–२०: २१ घरं
- २०–२५: १० घरं
- २५–३०: ५ घरं

मी पाचही उंच्यांची बेरीज केली, ६० आली, पाचांनी भागली, १२ आले. पण ६० ही घरांची संख्या आहे, पाण्याची नव्हे. १२ म्हणजे एका गटात सरासरी किती घरं. या आकड्याचा कुणाला काही उपयोग नाही.

पाणी काढायचं तर प्रत्येक गटाला एक प्रतिनिधी आकडा द्यावा लागतो. तो म्हणजे वर्गमध्य: ५–१० साठी ७.५, १०–१५ साठी १२.५, आणि असंच पुढे. मग वर्गमध्य गुणिले घरं:

```
7.5 x 6   =   45
12.5 x 18 =  225
17.5 x 21 =  367.5
22.5 x 10 =  225
27.5 x 5  =  137.5
एकूण      = 1000
```

हजार हजार लिटर, म्हणजे दहा लाख लिटर. भागिले ६० घरं, सरासरी १६.७ हजार लिटर. भाजक ६०, स्तंभांची संख्या ५ नव्हे. हे एक लक्षात राहिलं तरी आयतालेखातली निम्मी गफलत टळते.

पण ही सरासरी अंदाजाची आहे, हे सांगायला विसरू नका. ५–१० मधली सहा घरं नेमकं किती पाणी वापरतात हे आलेखानं सांगितलेलंच नाही; ती सगळी ७.५ च्या आसपास विखुरलेली असतील असं आपण धरलं. सगळी घरं आपापल्या गटाच्या खालच्या टोकाला धरली तर एकूण ८५० येतात, वरच्या टोकाला धरली तर ११५०. म्हणजे सरासरी १४.२ च्या खाली नाही आणि १९.२ च्या वर नाही, एवढं खात्रीनं म्हणता येतं. माझे बारा या पट्ट्यातच बसत नव्हते. सभेआधी एवढं केलं असतं तरी माझी मला चूक दिसली असती.

काही प्रश्नांची उत्तरं या आलेखात नसतातच. "अठरा हजारांच्या वर किती घरं?" असं एकीनं विचारलं होतं. १८ हा आकडा एका गटाच्या पोटात पडतो. वीसच्या वरची १५ घरं नक्की. १५–२० मधली २१ पैकी किती ते माहीत नाही. म्हणून उत्तर "कमीत कमी १५, जास्तीत जास्त ३६". सर्वांत जास्त पाणी कुणी वापरलं, तेही इथून कळत नाही. भांडण तिथे थांबवता येतं.

दोन सापळे आणखी. पहिला, शेवटचा गट '२५ पेक्षा जास्त' असा उघडा असेल तर त्याला वर्गमध्यच नसतो. समजा त्या पाच घरांपैकी एकाचा नळ महिनाभर गळत होता आणि त्याचे साठ हजार लिटर झाले. तुम्ही २७.५ धरले असतील तर एकूण साडेबत्तीस हजारांनी कमी येईल, आणि साठ घरांची सरासरी सुमारे अर्ध्या हजारानं. अशा वेळी काय धरलं ते उत्तरासोबतच लिहा. दुसरा, काठावरचा आकडा. आपल्या शाळेच्या पद्धतीत नेमका १५ हा १५–२० मध्ये जातो. एक्सेलचा तयार आयतालेख मात्र `(10, 15]` असं लिहितो. चौकोनी कंसाकडचं टोक आत, गोल कंसाकडचं बाहेर, म्हणजे तिथे १५ खालच्या गटात. सरासरीत फार फरक पडत नाही, पण "पंधरा किंवा जास्त किती घरं" असा प्रश्न असेल तर पडतो.

६. स्तंभ स्वतःच सरासरीचे असतील तर

तिसरा स्क्रीनशॉट दोनच स्तंभांचा होता आणि सगळ्यात साधा दिसत होता. ए विंग १५, बी विंग २०, शीर्षक 'प्रति घर सरासरी वापर, हजार लिटर'. कुणीतरी लगेच म्हणालं, सोसायटीची सरासरी साडेसतरा.

ए विंगमध्ये ४० घरं आहेत, बी मध्ये २०. ए चं पाणी ४० गुणिले १५, म्हणजे ६००. बी चं २० गुणिले २०, म्हणजे ४००. एकूण १०००, भागिले ६०, पुन्हा १६.७. साडेसतरा तेव्हाच बरोबर ठरले असते जेव्हा दोन्ही विंगांत सारखीच घरं असती. घरांची संख्या त्या स्क्रीनशॉटमध्ये कुठेच नव्हती. ती बाहेरून आणावी लागली. शीर्षकात 'सरासरी', 'टक्के' किंवा 'प्रति' यांपैकी काही दिसलं की ते स्तंभ एकमेकांत मिळवू नका. कशामागे किती जण आहेत ते आधी विचारा.

७. बाहेरच्या आकड्याशी ताळा

आजोबांनी केलं ते हेच. दोन आलेखांतून निघालेले १० लाख लिटर मी मग टँकरच्या पावत्यांशी लावून पाहिले: मे महिन्यात ७६ टँकर, ७ लाख ६० हजार. उरलेले दोन लाख चाळीस हजार तरी महापालिकेकडून यायला हवेत, आणि बाग, जिने धुणं, टाकीची गळती हे मीटरवर येत नाही, म्हणून प्रत्यक्षात त्याहून थोडे जास्तच. महापालिकेच्या बिलावर मे महिन्याचा आकडा होता, दोन लाख नव्वद हजार. पन्नास हजारांचा फरक बागेच्या आणि गळतीच्या खात्यावर.

पुढच्या सभेत आजोबांनी पहिला प्रश्न त्या पन्नास हजारांवरच विचारला.